तासगावचा बेदाणा आणि इतरांची पानं: प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

तासगाव तालुक्यातलं एक शेतकरी कुटुंब. स्वतःची द्राक्षबाग, स्वतःचं बेदाणा शेड. बहुतेक माल सौद्यात, म्हणजे घाऊक लिलावात, जातो. थोडा माल राखून अण्णा आणि त्यांच्या सूनबाई तो अर्ध्या आणि एक किलोच्या पाकिटांत थेट विकतात. जोडीला बाहेरून आणलेले काजू, बदाम, अक्रोड. ओळखीतून जमलेले व्हॉट्सअ‍ॅपचे गिऱ्हाईक आहेत आणि एक साधंसं विक्रीचं पान आहे. पानावरची पहिली ओळ: ‘उत्तम दर्जाचा, शुद्ध, नैसर्गिक सुका मेवा’.

माझ्याकडे काम आलं ते ही ओळ बदलून देण्याचं. अण्णांचं म्हणणं होतं, “आमचा माल त्यांच्यापेक्षा चांगला हाय, मग लोक तिकडनं का घेत्यात?” मी आधी ‘ते’ म्हणजे कोण, हे ठरवायला घेतलं. त्यांनी सांगितलेली नावं टीव्हीवर जाहिरात करणाऱ्या मोठ्या कंपन्यांची होती. पण पुण्यातली गिऱ्हाईक बाई अण्णांची तुलना त्या कंपनीशी करतच नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याकडचा सुटा बेदाणा, मॉलमधलं पाकीट आणि फोनवर शोधल्यावर वर येणारी पाच-सात पानं, एवढ्यांतच ती निवड करते.

म्हणून सूनबाईंकडून (मी त्यांना वहिनी म्हणतो) जुन्या गिऱ्हाईकांचे मेसेज मागवले. आमच्याकडे येण्याआधी कुठून घ्यायचे, हे ज्यांनी लिहिलं होतं त्यावरून यादी केली. तिच्यात मोठ्या कंपन्या दोनच उरल्या. बाकी सुका मेवा ऑनलाइन विकणारे मधल्या आकाराचे विक्रेते, सांगली-नाशिककडचे आमच्यासारखेच छोटे लोक आणि एक मॉलचं स्वतःचं पाकीट. नावं इथे देत नाही, गरजही नाही.

६ ऑगस्ट

काजू-बदाम यादीतून काढले. तो माल अण्णाही व्यापाऱ्याकडूनच घेतात. त्याबद्दल त्यांना ठाऊक असलेली आणि दुसऱ्याला ठाऊक नसलेली एकही गोष्ट नाही. बेदाण्याबद्दल मात्र द्राक्ष कधी तोडलं इथपासून सगळं माहीत आहे. सांगण्यासारखं काही सापडलं तर ते तिथेच सापडेल.

तक्ता केला. प्रत्येक विक्रेत्याला एक ओळ. रकाने: पानावरचं पहिलं वाक्य (जसंच्या तसं, आपल्या शब्दांत नाही), त्याखालचे दावे, दाव्याला दिलेला पुरावा, माल कुठला, कुठल्या हंगामाचा, साठवण कशी करायची, रंगाबद्दल काय म्हटलंय, गंधकाबद्दल काय म्हटलंय, फोटोत काय दिसतं, आणि घरपोच दर.

‘जसंच्या तसं’ यावर मी अडून बसतो. ‘दर्जाबद्दल बोलतात’ असं आपल्या भाषेत लिहून ठेवलं की सगळे विक्रेते सारखे दिसायला लागतात आणि ज्याबद्दल कोणीच बोलत नाही अशी रिकामी जागा दिसेनाशी होते. ‘हाताने निवडलेले’ आणि ‘यंत्रावर निवडलेले’ ही दोन्ही वाक्यं दर्जाबद्दलच आहेत, पण वाचणाऱ्याला सांगतात ते वेगळं.

७ ऑगस्ट

दरात बराच वेळ गेला. एकाच पाकिटाचा दर माझ्या फोनवर एक, वहिनींच्या फोनवर दुसरा. पिनकोड बदलला की घरपोच खर्च बदलतो, आणि लॉगिन केलेल्या माणसाला सवलतीचा दर वेगळा दिसतो. शेवटी ठरवलं: लॉगिन न करता, ब्राउझरच्या खासगी खिडकीत, पुण्याचाच एक पिनकोड टाकून, सगळे दर एकाच संध्याकाळी घ्यायचे. छापील किमतीवर काट मारून दाखवलेली ‘सवलत’ धरायची नाही; हातातून जाणारी रक्कम धरायची.

पाकिटांचे आकारही सारखे नाहीत. दोनशे ग्रॅमचं पाकीट अडीचशेच्या शेजारी ठेवलं की स्वस्त वाटतं. म्हणून सगळं शंभर ग्रॅमवर आणलं. C मध्ये घरपोच रक्कम, D मध्ये ग्रॅम:

```
=ROUND(C2/D2*100, 1)
```

एका विक्रेत्याचं २०० ग्रॅमचं पाकीट १४९ रुपयांना, वर ४० रुपये घरपोच. म्हणजे शंभर ग्रॅमला ९४.५. दुसऱ्याचं अर्धा किलो ३३९ ला, घरपोच फुकट: ६७.८. आमचं अर्धा किलो २९० अधिक कुरिअरचे ६०: ७०.०. एक किलो घेतलं तर ५६० अधिक ८०, म्हणजे ६४.०, तिथे समोरच्याचं ६१.९.

‘शेतकऱ्याकडून थेट म्हणून स्वस्त’ ही ओळ इथेच बाद. वाण्याच्या दारात माल एकगठ्ठा पोचतो; आमचा एकेक पाकीट करत कुरिअरने जातो. अण्णांना हे पटायला वेळ लागला, कारण सौद्यातला दर आणि पाकिटावरचा दर यांतली तफावत ते रोज बघतात. गिऱ्हाईक ती बघत नाही.

९ ऑगस्ट

पहिली वाक्यं एकाखाली एक लावली. ‘प्रीमियम’, ‘नैसर्गिक’, ‘ताजे’, ‘शुद्ध’, ‘हाताने निवडलेले’, ‘आरोग्यदायी’. अण्णांचं वाक्य मध्येच घुसवून वहिनींना वाचायला दिलं आणि त्यातलं आपलं कुठलं ते ओळखायला सांगितलं. त्यांनी दुसऱ्याच्याच ओळीवर बोट ठेवलं.

एका पानावरचा परिच्छेद ओळखीचा वाटला म्हणून त्यातलं एक लांब वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधलं. तेच वाक्य आणखी तीन विक्रेत्यांकडे निघालं. एकाने तर वर ‘नाशिकचा बेदाणा’ लिहून खाली तोच परिच्छेद चिकटवला होता, ज्यात माल अफगाणिस्तानातून निवडून आणल्याचं म्हटलंय. हे वाचून हसू आलं, पण त्यात कामाची गोष्ट होती: या लोकांनी आपल्या मालाबद्दल स्वतः काही लिहिलेलंच नाही. त्यांचं पान म्हणजे त्यांचा विचार, असं धरून पुढे जाता येणार नाही.

त्यांचा खरा भर कशावर आहे ते कळायला दोन गोष्टी बघितल्या. एक, फेसबुकची जाहिरात लायब्ररी. कुठल्याही पानाच्या चालू जाहिराती तिथे दिसतात आणि त्या कधी सुरू झाल्या तेही दिसतं. चार दिवसांची जाहिरात म्हणजे प्रयोग. कित्येक महिने चालू असलेल्या जाहिरातीवर कोणीतरी जाणूनबुजून पैसे घालतंय. बंद झालेल्या मात्र आपल्याकडे दिसत नाहीत, त्यामुळे काय फसलं हे तिथून कळत नाही. दुसरं, `web.archive.org` वर त्याच पानाची जुनी रूपं. मधल्या आकाराच्या एका विक्रेत्याने पूर्वी ‘रसायनमुक्त’ असं ठळक लिहिलं होतं; आता तो शब्द गेलाय आणि जागी ‘स्वच्छ’ आलाय. का काढला ते पानावर नाही. पण त्या शब्दाभोवती काहीतरी अडचण आहे, एवढं माझ्या वहीत गेलं.

१२ ऑगस्ट

आता गिऱ्हाईकांचे अभिप्राय. एक ताऱ्याचे जवळजवळ सगळे कुरिअरबद्दल असतात: पाकीट फुटलं, उशिरा आलं, दुसरंच आलं. पाच ताऱ्यांचे ‘छान’, ‘मस्त’. खरी माहिती दोन आणि तीन ताऱ्यांत असते, कारण तो माणूस माल खाऊन, विचार करून लिहितो. तेच घेतले. प्रत्येक अभिप्रायाला एक-दोन खुणा: रंग, चिकट, काड्या, आंबट, वास, पांढरं, बिया, बारीक.

पहिल्या मोजणीत ‘बिया’ आणि ‘रंग’ सगळ्यांत वर आले. बिया कुठून आल्या? थॉमसन, सोनाका, माणिक चमन, तास-ए-गणेश या बेदाण्याच्या जाती बिनबियांच्या. अर्धी संध्याकाळ डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की बाजार-अ‍ॅपवर एकाच मालाच्या पानाखाली हिरवा बेदाणा, पिवळा बेदाणा आणि बियांचे काळे मनुके असे तिन्ही प्रकार असतात आणि तिघांचे अभिप्राय एकत्र दिसतात. वर काढलेला निष्कर्ष हिरव्याबद्दलचा, तक्रार काळ्याची. अभिप्रायाखाली बारीक अक्षरात कुठला प्रकार घेतला ते लिहिलेलं असतं. सगळ्या ओळींना तो रकाना जोडला आणि मोजणी पुन्हा केली:

```
=COUNTIFS(Reviews!B:B,"हिरवा",Reviews!C:C,"*रंग*")
```

‘बिया’ गेल्या. ‘रंग’ राहिला, आणि त्याच्या पाठोपाठ ‘चिकट’ आणि ‘पांढरं’. हे काम करणाऱ्याने प्रकाराचा रकाना पहिल्याच दिवशी घालावा, नाहीतर सगळी मोजणी दोनदा होते.

१३ ऑगस्ट

आज फक्त ‘रंग’ आणि ‘पांढरं’ या खुणांचे अभिप्राय सावकाश वाचले. आकड्यापेक्षा त्यांतली वाक्यं महत्त्वाची निघाली. ‘आला तेव्हा हिरवागार होता, महिन्याभरात तपकिरी पडला, रंग लावलेला असणार.’ ‘डब्यात ठेवला तर एकमेकांना चिकटून गोळा झाला, भेसळ आहे.’ ‘पांढरी बुरशी आली, फेकून दिला.’

तिन्ही तक्रारी पाकीट फोडल्यानंतरच्या आहेत. घेताना माल आवडलेला असतो. स्वयंपाकघरात काही आठवडे राहिल्यावर तो बदलतो आणि गिऱ्हाईक त्याचा अर्थ फसवणूक असा लावतं. तक्त्यातले ‘साठवण’ आणि ‘रंग’ हे रकाने मग पुन्हा बघितले. साठवणीखाली बहुतेकांकडे ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’, एवढंच. रंगाबद्दल ‘आकर्षक हिरवा रंग’. तो टिकतो का, किती टिकतो, बदलला तर काय समजायचं, याबद्दल एकाही पानावर अक्षर नाही.

१६ ऑगस्ट

तासगावला शेडवर. हंगाम नाही, रॅक रिकामे, पण अण्णांनी सगळं हाताने दाखवत सांगितलं. द्राक्ष पुरतं गोड झालं की तोडायचं. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवायचं, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर फुटतो आणि पाणी लवकर बाहेर पडतं. मग शेडमध्ये जाळीच्या रॅकवर, सावलीत, हवा खेळती ठेवून साधारण पंधरवडा. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. हिरवा-पिवळा रंग राहावा म्हणून गंधकाची धुरी. नंतर काड्या काढून प्रतवारी, १५ किलोच्या बॉक्समध्ये भरणी आणि थेट शीतगृहात. हा सगळा खेळ फेब्रुवारी ते एप्रिल.

शीतगृहात माल का ठेवतात, हे मी साधेपणाने विचारलं. उत्तर आलं, “रंग राखायला. भाईर ठेवला तर दोन-तीन म्हैन्यात काळपटतोय. खायला काय हुत न्हाई, पर दर पडतोय.” म्हणजे गिऱ्हाईकाला जी फसवणूक वाटते ती इथे शेडवर पोरासोरांना माहीत असलेली साधी गोष्ट आहे. धंद्यात ती सगळ्यांना इतकी उघड वाटते की कोणी लिहीतच नाही.

पांढऱ्या डागांचंही तसंच. जुन्या किंवा नीट न ठेवलेल्या बेदाण्यातली साखर बाहेर येऊन खडे धरते. वहिनींनी एक डबा आणून दाखवला. तो दाताखाली करकरतो आणि कोमट पाण्यात टाकला की पांढरं विरघळून जातं. बुरशी लोकरीसारखी दिसते, कुबट वास येतो, पाण्यात विरघळत नाही. ती असेल तर मात्र फेकायचाच.

१७ ऑगस्ट

रिकाम्या जागा आता चार दिसतात: गंधक, हंगाम, साठवण-रंग, पांढरे खडे. मोकळी आहे म्हणून लगेच धरावी, असं नाही. तीन प्रश्न लावले. गिऱ्हाईक याबद्दल स्वतःहून बोलतं का? अण्णा ते दाखवून देऊ शकतात का? उद्या समोरच्याने तेच वाक्य उचललं तर त्याला काही बदलावं लागेल का, की नुसतं टाइप करून भागेल?

गंधकाचं सगळ्यांत मोहाचं होतं. जवळजवळ सगळेच ‘नैसर्गिक’ म्हणतात, काही अजूनही ‘रसायनमुक्त’ म्हणतात, आणि शेजारी फोटो झळझळीत हिरव्या बेदाण्याचा. मी म्हटलं, आपण सरळ ‘बिनगंधकाचा’ लिहू. अण्णा म्हणाले, “आपल्या हिरव्या मालाला धुरी दिली हाय की. मग कसं लिवायचं?” विषय तिथेच संपला. शिवाय किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर पाकिटावर त्याचा उल्लेख करणं अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या लेबलिंग नियमांत बंधनकारक आहे. काही दमेकऱ्यांना सल्फाइटने त्रास होतो, त्यासाठी तो नियम. आमच्या पाकिटावर ती ओळ नव्हती! संदेशाचा प्रश्न बाजूला ठेवून आधी ती ओळ स्टिकरवर घेतली. हातात तयार पाकिटं होती, त्या सगळ्यांना स्टिकर चिकटवण्यात वहिनींची एक दुपार गेली.

बिनधुरीचा तपकिरी बेदाणा अण्णा घरापुरता करतात, फार थोडा. तो पुढच्या हंगामात वेगळा, वेगळ्या नावाने. आत्ता त्यावर पान उभं करणं म्हणजे नसलेल्या मालाची जाहिरात.

पांढरे खडे पहिल्या ओळीत नकोत. ज्याला तो अनुभव आलेला नाही त्याच्या मनात उगाच बुरशी आणून ठेवायची. ते पाकिटाच्या मागे. राहिलं हंगाम आणि साठवण-रंग.

१९ ऑगस्ट

हंगामाचा विचार असा. पाकिटावर सगळे भरणीची तारीख देतात. ती पाकिटात कधी भरला ते सांगते. बेदाणा कधीचा, ते नाही. मार्चमध्ये वाळवलेला माल नोव्हेंबरमध्ये भरला की पाकिटावर नोव्हेंबर. गोदामात उन्हाळा काढलेला आणि शीतगृहातून परवा काढलेला, दोघांवर तीच तारीख. गिऱ्हाईकाला ‘ताजा’ म्हणजे हेच वाटतं. इथे अण्णांकडे दाखवण्यासारखं आहे: शीतगृहाच्या पावत्या. माल कधी आत गेला, कधी बाहेर काढला, दोन्ही तारखा कागदावर आहेत. नुसता व्यापार करणाऱ्याला हे जमवायचं तर खरेदीची पद्धत बदलावी लागेल. तिसऱ्या प्रश्नाला हे पुरून उरतं.

दोन मेसेज तयार केले. जुन्या गिऱ्हाईकांच्या यादीचे नावांच्या आद्याक्षरावर न जाता एक आड एक असे दोन भाग केले. आद्याक्षराने केले तर एकाच घरातली माणसं एका बाजूला येतात. फोटो तोच, दर तोच, पाठवायची वेळ तीच.

पहिल्या गटाला: ‘तासगावचा बेदाणा. यंदाच्या मार्चमध्ये वाळवलेला.’

दुसऱ्या गटाला जुनीच ओळ: ‘उत्तम दर्जाचा, शुद्ध, नैसर्गिक बेदाणा.’

२२ ऑगस्ट

मार्चची ओळ आपटली. तिच्यावर उत्तरं जुन्या ओळीपेक्षा जास्त आली, पण मागण्या कमी. उत्तरांतलं नेहमीचं वाक्य: ‘म्हणजे पाच महिने जुना का?’ एका काकूंनी तर नवा माल आला की कळवा असं लिहिलं. नवा माल फेब्रुवारीआधी कोणाकडेच येणार नाही हे त्यांना कोण सांगणार.

अण्णांनी हे आधीच सांगितलं होतं, “तारीख टाकली की जुना वाटंल.” ते तारखेच्या विरोधात होते, मी बाजूने. उत्तरं पुन्हा वाचल्यावर वाटलं की दोघांचंही अर्धं बरोबर आहे. एकट्या तारखेतून गिऱ्हाईक फक्त वय काढतं. बेदाणा वर्षातून एकदाच होतो आणि मधल्या काळात तो कुठे होता यावर सगळं असतं, हे त्याला माहीत नाही. आम्ही त्याला उत्तराचा एक तुकडा दिला, आणि नेमका घाबरवणारा.

२५ ऑगस्ट

ओळ पुन्हा लिहिली. आता तिच्यात मार्च आहे, पण मधला प्रवासही आहे:

‘मार्चमध्ये आमच्या शेडवर वाळवला. तेव्हापासून शीतगृहात. २३ ऑगस्टला बाहेर काढून पाकिटात भरला.’

खाली लहान अक्षरात: ‘बेदाणा वर्षातून एकदाच होतो. घरी आल्यावर हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिला तर रंग गडद होईल. चव बदलली नसेल तर खायला हरकत नाही.’

या शेवटच्या वाक्यावर घरात वाद झाला. विकायच्या आधीच माल काळा पडणार म्हणून का सांगायचं, असं अण्णांचे थोरले चिरंजीव म्हणाले. मी त्यांना अभिप्रायांतली ती वाक्यं वाचून दाखवली. रंग बदलतोच आहे आणि गिऱ्हाईक त्याचं कारण स्वतःच्या मनाने ठरवतंच आहे. आधी सांगितलं तर ती माहिती होते, नंतर सांगितलं तर सबब. चिरंजीव पुरते पटले नाहीत, पण करून बघू म्हणाले.

या वेळी पहिल्या फेरीत जुनी ओळ मिळालेल्या गटाचेच दोन भाग केले. ‘जुना का?’ विचारणाऱ्यांना लगेच पुन्हा गाठलं असतं तर ते आधीच बिथरलेले, म्हणून त्यांना वगळलं. त्यामुळे गट लहान झाले, हे मान्य.

३० ऑगस्ट

नव्या ओळीवर मागण्या जुन्या ओळीच्या साधारण दीडपट. गट लहान आहेत आणि मध्ये गणपती आले, त्यामुळे या ‘दीडपट’वर मी घर बांधणार नाही. मला जास्त भरवसा वाटतो तो प्रश्न बदलले यावर. ‘जुना का’ जवळजवळ गेलं. त्याऐवजी ‘फ्रिजमध्ये किती दिवस राहतो’, ‘फ्रीजरमध्ये चालेल का’, ‘शिऱ्यात घालायला कुठला’. हे माल घ्यायचं ठरवलेल्या माणसाचे प्रश्न आहेत. आणि अर्ध्या किलोऐवजी एक किलो मागणारे वाढले. कारण वहिनींनी फोनवर विचारलं तेव्हा एकीने सांगितलं, “राहतो म्हणताय ना, मग मोठंच द्या.” एक किलोला शंभर ग्रॅममागे कुरिअरचा भार एक तृतीयांशाने कमी पडतो, म्हणजे ७ तारखेला दराने जिथे मार खात होतो तिथे थोडी जागा मिळाली.

२ सप्टेंबर

पान बदललं. पहिली ओळ वरचीच, फक्त तारीख दर भरणीला बदलायची. ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘उत्तम दर्जाचा’ हे तिन्ही काढले. या शब्दांना दाव्यांच्या नियमांत अटी आहेत हे एक कारण. दुसरं असं की तक्त्यात ते इतक्या ठिकाणी आहेत की वाचणारा त्यांवरून पुढेच जातो. फोटोही बदलला. झळझळीत हिरव्याऐवजी दोन वाट्या शेजारी-शेजारी: एकीत शीतगृहातून काढलेला, दुसरीत दोन महिने फडताळात राहिलेला. खाली ‘हाच तो, दोन महिन्यांनी’. गंधकाची ओळ पानावरही घेतली, लपवून नाही, साठवणीच्या खालीच.

खर्च: तारखेचा रबरी शिक्का साडेतीनशे, मागच्या बाजूच्या स्टिकरची छपाई अठराशे, फोटो घरच्याच फोनवर. मुद्रकाने पहिल्या खेपेत ‘शीतगृहात’चं ‘शितग्रहात’ करून दिलं होतं, ती खेप त्यानेच बदलून दिली.

शिक्क्याची अडचण: प्लास्टिकच्या पाकिटावर शाई पुसते. पहिली काही पाकिटं तारीख फासटून गेली, आणि सगळा संदेश तारखेवर उभा असताना ते फारच वाईट दिसलं. आता शिक्का कागदी स्टिकरवर मारून, वाळू देऊन मग चिकटवतात.

१८ सप्टेंबर

तक्त्यातल्या सांगलीकडच्या एका विक्रेत्याच्या पानावर आज ‘शीतगृहातील ताजा बेदाणा’ असं दिसलं. आमचं बघून लिहिलं की त्याचं त्यालाच सुचलं, माहीत नाही. तारीख नाही, साठवणीखाली अजून ‘थंड व कोरड्या जागी’च. अण्णा चिडले. मी सांगितलं, त्याने दोन्ही तारखा टाकल्या तर मला कळवा, तेव्हा बघू. तोवर आमच्या ओळीत काही बदलायचं नाही.

दिवाळीच्या भेटबॉक्सची विचारणा सुरू झालीय, आणि तिथे ही ओळ बसेल असं वाटत नाही. भेट देणारा वेगळा, खाणारा वेगळा. देणाऱ्याला रंग दोन महिन्यांनी कसा दिसेल याचं देणंघेणं नाही, बॉक्स उघडल्यावर कसा दिसतो याचं आहे. भेटबॉक्ससाठी स्पर्धकांची यादीच वेगळी करावी लागेल. त्यात मिठाईची दुकानंही येतील. ते काम पुढच्या आठवड्यात. त्यातही पहिला रकाना बॉक्स कोण उघडणार, हाच ठेवतोय.

फेब्रुवारीत नवा हंगाम सुरू झाला की सगळेच ‘नवा माल’ लिहितील. तेव्हा दोन तारखांमधलं अंतर आमच्याकडे काही दिवसांवर येईल आणि ही ओळ जवळपास निरुपयोगी होईल. त्यासाठी वहिनींना आत्ताच सांगून ठेवलंय: या वेळी रॅकवर माल पडल्यापासून रोज एकाच कोपऱ्यातून, एकाच वेळी, फोटो काढायचा.